तेलाचा डबा आणि चालणारे पाय

सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. कुणीतरी घाम पुसत म्हणतो, "कविराज, आपण रोज एवढे चालतो. मग भाकरीवर चमचाभर तूप जास्त पडले तर काय बिघडले? सगळे जळून जाते." त्यावर दुसरा सांगतो की तूप सोडा, आता ऑलिव्ह तेल आणा. तिसऱ्याची सून बंगालकडची असते, तो मोहरीच्या तेलाची बाजू घेतो. चौथा म्हणतो, आपल्या बापजाद्यांनी गोडेतेलच खाल्ले, त्यांना कुठे काय झाले?

मी डॉक्टर नाही. बी.ए.ला मराठी घेतलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण २०१६ साली माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला, तेव्हापासून हा विषय मी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखा वाचत आलो आहे. माझ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना भरपूर प्रश्न विचारले आहेत. त्यातून जे हाती लागले, ते सांगतो. मी बोलणार आहे ते मुख्यतः अंगमेहनत करणाऱ्या, चालणाऱ्या, खेळणाऱ्या माणसांविषयी, कारण तेलातुपाबाबत सर्वांत जास्त गैरसमज त्यांच्यातच आढळतो.

पहिला प्रश्न असा, की श्रमाने हृदय वाचते का? वाचते, आणि त्याचा एक जुना, सुंदर पुरावा लंडनच्या बसमध्ये आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा. कंडक्टर तिकिटे देत दिवसातून पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. एकच कंपनी, साधारण एकाच प्रकारच्या वस्तीत राहणारी माणसे. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी आढळला, आणि आलेला झटकाही तितका जीवघेणा ठरत नव्हता. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीच्या सुरुवातीपासूनच जाड होत्या असे दिसले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ गोष्टीला दुजोरा दिला आहे. चालणारे हृदय जास्त टिकते.

मग आमच्या फिरायला येणाऱ्या मित्राचे म्हणणे बरोबरच झाले की! इथेच थांबायला हवे, कारण दुसरा पुरावा फिनलंडच्या जंगलातला आहे.

अमेरिकेतील अन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यातले दोन गट आपल्या कामाचे आहेत. पहिला पूर्व फिनलंडमधला. तिथली माणसे लाकूडतोडे आणि शेतकरी, बर्फात कुऱ्हाड चालवणारी, जगातल्या कष्टाळू माणसांत गणली जावीत अशी. दुसरा ग्रीसच्या क्रीट बेटावरचा. तिथलेही शेतकरीच, डोंगरउतारावर दिवसभर राबणारे. दोन्ही गटांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ भरपूर होते, एकूण ऊर्जेच्या सुमारे चाळीस टक्के. श्रम सारखे, स्निग्धांशही सारखाच. पण फिनलंडच्या त्या भागात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्व गटांत सर्वांत जास्त निघाले आणि क्रीटमध्ये सर्वांत कमी. फरक होता तो स्निग्धाच्या जातीत. फिनलंडचा शेतकरी लोणी आणि सायीचे दूध घेत होता, क्रीटचा शेतकरी ऑलिव्हच्या तेलात भाज्या, डाळी, पाव बुडवून खात होता.

या अभ्यासावर टीकाही झाली आहे. देश निवडले ते चिठ्ठ्या टाकून नव्हे, आणि दोन ठिकाणी तेलाखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी वेगळ्या होत्या. ती टीका रास्त आहे. परंतु फिनलंडची गोष्ट तिथे संपली नाही. १९७२ साली त्याच भागात, नॉर्थ करेलिया प्रांतात, पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम सुरू झाली. लोण्याऐवजी वनस्पतिजन्य तेल, सायीच्या दुधाऐवजी कमी साईचे दूध, मीठ कमी, सिगारेट बंद. चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. यात सिगारेटचा, रक्तदाबाचा आणि सुधारलेल्या उपचारांचाही वाटा आहे. तरी संशोधकांच्या हिशोबात सर्वांत मोठा वाटा रक्तातले कोलेस्टेरॉल उतरल्याचा होता, आणि ते उतरले मुख्यतः ताटातला स्निग्ध पदार्थ बदलल्यामुळे.

म्हणजे पाय आणि तेलाचा डबा ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यातले कर्ज फेडत नाही. याचे कारण शरीरात आहे. चालण्याने, धावण्याने रक्तातली साखर आटोक्यात राहते, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरते, चांगले म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल थोडे वाढते, रक्तदाब सुधारतो. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल नुसत्या चालण्याने फारसे उतरत नाही. ते यकृताच्या ताब्यात आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारी दारे असतात. आहारात संपृक्त स्निग्ध जास्त झाले की ही दारे कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. असंपृक्त स्निग्धाने दारे पुन्हा वाढतात. म्हणून तेलाची निवड चालणाऱ्या माणसालाही चुकत नाही.

संपृक्त आणि असंपृक्त हे शब्द पाठ्यपुस्तकातले वाटतात, पण ते स्वयंपाकघरात डोळ्यांनी दिसतात. थंडीत तुपाचा डबा उघडा, तूप घट्ट झालेले असते. शेजारचे गोडेतेल तसेच पातळ असते. संपृक्त स्निग्धाचे रेणू सरळ काड्यांसारखे असतात. सरळ काड्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून पदार्थ थिजतो. असंपृक्त स्निग्धाच्या काडीला मध्येच बाक असतो. एक बाक असेल तर एक-असंपृक्त, जास्त असतील तर बहु-असंपृक्त. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसे हे तेल पातळ राहते.

आता आपल्या चार डब्यांकडे वळू.

साजूक तुपात शंभर ग्रॅममागे साठाहून अधिक ग्रॅम संपृक्त स्निग्ध असते. तूप खूप तापवले तरी लवकर जळत नाही, महिनोन्महिने खवट होत नाही आणि थोडक्यात पुष्कळ चव देते. हे त्याचे खरे गुण आहेत. तुपाची बाजू घेणारे एका भारतीय अभ्यासाचा दाखला देतात. मुंबईचे रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली दाखवले होते की दूधतूप खाणाऱ्या उत्तरेकडील रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेकडील तेल खाणाऱ्यांपेक्षा फार कमी होते. अभ्यास खरा आहे. पण तो नोंदवह्यांवरून केलेला होता, आणि दोन प्रदेशांच्या माणसांत तेलाखेरीज जेवणाच्या कितीतरी सवयी वेगळ्या असतात. माणसांना प्रत्यक्ष तूप किंवा लोणी देऊन आणि तेल देऊन रक्त तपासले, तर संपृक्त स्निग्धाने एलडीएल चढते हे पुन्हापुन्हा दिसले आहे. म्हणून तूप हे वासासाठी, चवीसाठी, चमच्याने मोजून. वरणावर, पुरणपोळीवर, ईदच्या शीरखुर्म्यात. रोजच्या फोडणीचे ते माध्यम नव्हे.

माझे मामू पैलवान होते. तालमीत हजार जोर-बैठका काढायचे, वर बदाम घोटलेले दूध आणि तूप. त्या वयात, त्या घामात तेवढी ऊर्जा खर्चही होत असे. पुढे गुडघा दुखावला, कुस्ती सुटली, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे सुरू झाले. तालीम सुटली, पण तुपाची वाटी सुटली नाही, कारण अम्मी सांगायच्या तसे, पैलवानाच्या ताटात तूप कमी वाढणे हा घरातल्यांना त्याचा अपमान वाटायचा. बावन्नाव्या वर्षी सकाळी दुकान उघडतानाच ते गेले. तुपामुळेच गेले असे मी म्हणणार नाही. ते विडी ओढत आणि रक्त कधी तपासलेच नव्हते. पण कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे असे माजी पैलवान, माजी कबड्डीपटू, माजी हमाल घरोघरी आहेत. श्रम थांबले त्या दिवशी ताट बदलावे लागते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरा डबा गोडेतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा. हे आपल्या मातीतले. शंभरात सुमारे अठरा ग्रॅम संपृक्त, निम्म्याच्या आसपास एक-असंपृक्त आणि तिसाच्या आसपास बहु-असंपृक्त. तुपाच्या तुलनेत उत्तम, तळणाला टिकाऊ, चवीला ओळखीचे. त्याची उणीव एकच, पण महत्त्वाची. त्यात ओमेगा-३ जातीचे स्निग्ध जवळजवळ नाही. हे स्निग्ध शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. आपल्या जुन्या स्वयंपाकाने ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढलेली होती, ती जवसाच्या चटणीने. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसातून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळते, म्हणजे दिवसाची गरज जवळपास भागते. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडते, म्हणून भाजून कुटायचे, आणि आठवड्याला पुरेल इतकेच, कारण ते लवकर खवट होते.

लाकडी घाण्याचे तेल घ्यावे की रिफाइंड, असेही विचारतात. संपृक्त-असंपृक्ताचे प्रमाण दोन्हींत सारखेच असते. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, पण दाणे बुरशी लागलेले असतील तर त्यांचे विषही तेलात उतरू शकते, रिफाइंड करताना ते निघून जाते. म्हणून घाण्यावर जाणार असाल तर आधी दाणे पाहा, चावून पाहा. कडू, खवट, काळपट दाणा दिसला तर परत या. तेल थोडेथोडे आणा आणि उजेडापासून दूर, झाकून ठेवा.

तिसरा डबा मोहरीच्या तेलाचा. महाराष्ट्रात ते लोणच्यापुरते ओळखीचे, पण बंगाल, बिहार, पंजाबात पिढ्यान्‌पिढ्या रोजचे. संपृक्त स्निग्ध चारही डब्यांत सर्वांत कमी, शंभरात दहाच्या आत-बाहेर, आणि आठ-दहा ग्रॅम ओमेगा-३. कागदावर हे तेल सर्वांत देखणे दिसते. मग अमेरिकेत त्याच्या बाटलीवर 'फक्त बाह्य उपयोगासाठी' असे का छापतात? कारण त्यात एरुसिक आम्ल नावाचे एक स्निग्धाम्ल भरपूर असते. पूर्वी उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत त्यामुळे चरबी साठलेली आढळली. उंदराचे शरीर हे आम्ल माणसापेक्षा वाईट रीतीने पचवते, आणि माणसांत तसा अपाय सिद्ध झालेला नाही. उलट दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोहरीचे तेल वापरणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. तो अभ्यास रुग्णांना मागचे खाणे आठवायला लावून केलेला होता, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानता येत नाही. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला मला पटला. त्या म्हणाल्या, "सगळा स्वयंपाक त्यात करू नका, पण अर्धा करायला हरकत नाही. दुसऱ्या तेलाबरोबर आलटून-पालटून वापरा."

या तेलाचा खरा धोका भेसळीचा होता. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. पायांना सूज, धाप, आणि साठ माणसे दगावली. म्हणून हे तेल सुटे घेऊ नये, बंद पाकिटातले घ्यावे. जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात दुसरे कोणतेही खाद्यतेल मिसळून विकण्यास बंदी आहे. स्वयंपाकात ते धूर येईपर्यंत तापवायची पद्धत आहे, कारण त्याचा झणका उतरावा लागतो. पहिला धूर दिसला की आच बंद करायची, तेल थोडे निवू द्यायचे आणि मग फोडणी घालायची. धुरातच कांदा टाकू नये.

चौथा डबा ऑलिव्हचा. त्यात एक-असंपृक्त सत्तरच्या वर. स्पेनमध्ये साडेसात हजार माणसांवर मोठा प्रयोग झाला. ती पंचावन्न ते ऐंशी वयाची, हृदयविकाराचा धोका असलेली पण अजून झटका न आलेली माणसे होती. एका गटाच्या घरी आठवड्याला लिटरभर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिले जाई. निष्कर्ष २०१३ साली आले. काही केंद्रांवर गट पाडण्यात ढिलाई झाल्याचे आढळल्यावर ते मागे घेऊन, हिशोब पुन्हा करून २०१८ साली नव्याने प्रसिद्ध केले. तरीही ऑलिव्ह गटात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे तीस टक्के कमी राहिले. पण लक्षात घ्या, ती माणसे तेलाबरोबर भाज्या, कडधान्ये, फळे आणि मासेही खात होती. मिसळीच्या तर्रीवर ऑलिव्ह तेल ओतून तो फायदा मिळत नाही.

शिवाय बाटलीवरची अक्षरे वाचायला हवीत. ज्या तेलाने हा परिणाम दाखवला ते 'एक्स्ट्रा व्हर्जिन'. दुकानात स्वस्तात मिळते ते पुष्कळदा 'पोमेस' असते, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाच्या मदतीने काढून रिफाइंड केलेले. त्यातले एक-असंपृक्त स्निग्ध टिकते, पण फळातले हितकर घटक बहुतेक निघून जातात. तेवढ्यासाठी दामदुप्पट पैसे मोजण्यापेक्षा गोडेतेल बरे. एक्स्ट्रा व्हर्जिन परवडत असेल तर कोशिंबिरीवर, उकडलेल्या भाजीवर वरून घाला. परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. त्याचे काम करणारी तेले आपल्याकडे आहेत.

हे झाले जातीविषयी. आता प्रमाणाविषयी, कारण खरी गफलत तिथे होते. तूप असो, मोहरी असो वा ऑलिव्ह, एका ग्रॅमला नऊ उष्मांक ठरलेले. एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास उष्मांक. मध्यम वजनाचा माणूस पाऊण तास भरभर चालला तर साधारण दोनशे खर्च करतो. म्हणजे त्याची सगळी सकाळ दोन चमचे तेलात संपते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने वरून घेण्याच्या तेलातुपाचे रोजचे प्रमाण श्रमांनुसार दिलेले आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २५ ग्रॅम, मध्यम श्रमाला ३०, जड श्रमाला ४०. स्त्रियांना याच क्रमाने २०, २५ आणि ३०. हे आकडे घेऊन आमच्या ओळखीच्या एका घराचा हिशोब आम्ही मांडला, तो सांगतो.

घरात चार माणसे. गृहस्थ बावन्न वर्षांचे, बँकेत नोकरी, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे. त्यांच्या मिसेस घरकाम आणि शिलाईकाम करणाऱ्या. चोवीस वर्षांचा मुलगा गोदामात माल चढवतो-उतरवतो. आणि पंचाहत्तरीच्या आजी. महिन्याला गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आणि एक किलो तूप लागायचे. लिटरभर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. त्यामुळे तेल साडेचार किलो आणि तूप एक किलो, एकूण साडेपाच किलोंच्या वर. रोजचे १८५ ग्रॅम.

आता हवे किती? गृहस्थ आग्रहाने स्वतःला 'मध्यम श्रम' म्हणवून घेत होते. पण एक तास चालणे आणि आठ तास खुर्ची, हे बैठे कामच. त्यांना २५, मिसेसना २५, मुलाला ४०, आजींना २०. बेरीज ११०. म्हणजे घर रोज ७५ ग्रॅम जास्त खात होते, पावणेसातशे उष्मांक, आणि सगळ्यांना वाटत होते की आपल्याकडे काही तेलकट नसते.

नवा हिशोब असा बसवला. महिन्याला एकूण ३३०० ग्रॅम. त्यात माणशी रोज एक चहाचा चमचा तूप, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. उरलेल्या २७०० ग्रॅमचे तेल सुमारे तीन लिटर, दीड लिटर गोडेतेल आणि दीड लिटर मोहरीचे. उसळी, आमटी, भाकरीबरोबरच्या भाज्या गोडेतेलात. मासे, अंडाकरी, बटाटा, वांगी मोहरीच्या तेलात. तेलातुपातून येणारे संपृक्त स्निग्ध घरासाठी रोज ४८ ग्रॅम होते, ते २५ च्या आसपास आले, म्हणजे जवळपास निम्मे. आणि मोहरीच्या तेलातून प्रत्येकाला रोज ग्रॅमभर ओमेगा-३ मिळू लागले, जे आधी मिळतच नव्हते.

अडचणी आल्या. आजींना मोहरीचा वास आवडेना, म्हणून त्यांची भाजी आधी काढून ठेवू लागले. सोलापुरी शेंगदाणा चटणीचा वाटा मोजायचा राहिला होता. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेलच असते, मूठभर दाणे म्हणजे मोठा चमचाभर तेल. गृहस्थ ती चटणी वर आणखी तेल घालून कालवीत, ते तेल बंद झाले. आणि म्हशीचे दूध! अर्धा लिटर म्हशीच्या दुधात वीस ग्रॅम संपृक्त स्निग्ध सहज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसाने दिवसभरात सगळ्या अन्नातून मिळून घ्यायचे ते बावीस ग्रॅम. तेल बदलून दूध तसेच ठेवले असते तर निम्मी मेहनत वाया गेली असती. साय काढून दूध घ्यायला सुरुवात झाली, आणि त्या सायीचेच चमचा-चमचा तूप होऊ लागले.

चार महिन्यांनी गृहस्थांचे एलडीएल बऱ्यापैकी उतरले होते. ते लगेच म्हणाले, "आता गोळी बंद करू ना?" डॉक्टरांनी नकार दिला, आणि ते योग्यच झाले. ज्याचे कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेने चढते किंवा ज्याला एकदा त्रास होऊन गेला आहे, त्याला तेल बदलून गोळी सोडता येत नाही. तेल गोळीला मदत करते, तिची जागा घेत नाही.

घरी हे करायचे तर वजनकाटा लागत नाही. नवा कॅन फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा, संपेल तेव्हा पुन्हा लिहा. दिवस आणि माणसे यांनी भागा. फोडणीला तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने घ्या. बाटलीचा हात सैल असतो.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही प्रमाणात नकोत. एक, घट्ट वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवताना त्यात ट्रान्स फॅट तयार होई, जे एलडीएल चढवते आणि चांगले कोलेस्टेरॉल उतरवते, म्हणजे साजूक तुपापेक्षाही वाईट. जानेवारी २०२२ पासून तेलातुपात त्याची मर्यादा दोन टक्के केली आहे. ती चांगली गोष्ट आहे. पण ट्रान्स फॅट कमी झाले तरी घट्टपणासाठी त्यात संपृक्त स्निग्ध असतेच. दुसरी, तळून उरलेले तेल. तेल काळपट झाले, चिकट लागले, तापवताना फेस धरू लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावले, की ते मोडले असे समजा. दुकानदारांसाठी २०१८ पासून त्याची कायदेशीर मर्यादा आहे, घरात आपले नाक आणि डोळे हीच तपासणी. एकदा तळलेले गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका.

आणि तूप-तेल कमी करून ती भूक पाव, बिस्किटे आणि गोड चहाने भरली, तर हृदयाला काहीच मिळत नाही. कमी केलेल्या तुपाची जागा डाळीने, दाण्याने, भाजीने घ्यायला हवी.

गोदामातल्या मुलाला चाळीस ग्रॅम शोभतात. ज्या दिवशी तो माल उचलणे सोडून काउंटरवर बसेल, त्या दिवशी त्याच्या वाट्याचे पंधरा ग्रॅम डब्यातच राहू द्यावे लागतील. हे त्याच्या आईला आम्ही आत्ताच सांगून ठेवले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)